‘सिन’ बरोबर, तरी ‘सिस’ चूक: १-मिथाइलसायक्लोहेक्झीनचं उत्तर दर वेळी का फसतं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे सराव पेपर तपासताना एक चूक मला इतक्या वेळा दिसते की आता पान उलटायच्या आधीच ती कळते. प्रश्न साधा असतो. १-मिथाइलसायक्लोहेक्झीनवर आधी BH₃ (टीएचएफमध्ये) आणि मग H₂O₂ व NaOH. उत्पादन काढा, स्टिरिओकेमिस्ट्री दाखवा. मुलगा OH योग्य कार्बनवर लावतो, शेजारी ठसठशीत ‘सिन ॲडिशन’ असं लिहितो, आणि खाली नाव देतो सिस-२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल. उत्तरतालिकेत ट्रान्स असतं. मग तो माझ्याकडे येतो आणि म्हणतो, “सर, सिन म्हणजे एकाच बाजूने ना? मग ट्रान्स कसं?”

त्याच प्रश्नाचा दुसरा भाग Hg(OAc)₂ आणि पाणी, नंतर NaBH₄ असा असतो. इथे चूक उलटी होते. ‘अँटी ॲडिशन’ पाठ असल्यामुळे मुलं ज्या रेणूत दाखवण्यासारखी स्टिरिओकेमिस्ट्रीच नाही, त्याला वेज आणि डॅश लावून मोकळी होतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ‘हायड्रोबोरेशन: अँटी-मार्कोव्हनिकोव्ह, सिन’ आणि ‘ऑक्सिमर्क्युरेशन: मार्कोव्हनिकोव्ह, अँटी’ अशा दोन ओळी पाठ केलेल्या असतात, पण त्या ओळींतले शब्द नेमके कोणत्या दोन गटांबद्दल आहेत हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे ओळ बरोबर येते आणि चित्र चुकतं.

आधी हिशोब: कोण आला, कोणाची जागा कोणी घेतली

मी मुलांना आधी नियम बाजूला ठेवायला सांगतो आणि एक छोटी नोंद करायला लावतो. दुहेरी बंधाचे दोन कार्बन घ्या. ज्यावर मिथाइल आहे तो कार्बन-१, ज्यावर एकच हायड्रोजन आहे तो कार्बन-२. आता पहिल्या पायरीत कोण कुठे बसतो ते लिहा.

हायड्रोबोरेशनमध्ये बोरॉन कार्बन-२ वर बसतो आणि BH₃ मधला हायड्रोजन कार्बन-१ वर. ऑक्सिमर्क्युरेशनमध्ये पारा कार्बन-२ वर बसतो आणि पाण्याचा OH कार्बन-१ वर.

इथे थोडं थांबून बघा. बोरॉन आणि पारा दोघेही कार्बन-२ वरच गेले आहेत. म्हणजे ‘एक प्रतिक्रिया मार्कोव्हनिकोव्ह पाळते, दुसरी मोडते’ असं जे शिकवलं जातं, ते पहिल्या पायरीपुरतं तरी खरं नाही. इलेक्ट्रॉनची भूक असलेला गट दोन्हीकडे कमी गर्दीच्या कार्बनवर जातो आणि धन भाराचा वाटा जास्त गट असलेल्या कार्बनवर पडतो, कारण तो तिथे जास्त पेलला जातो. साध्या आम्लात H⁺ हेच करतो. BH₃ मध्ये मात्र भुकेला बोरॉन असतो. हायड्रोजनची विद्युतऋणता २.२० आणि बोरॉनची २.०४, म्हणजे तिथे हायड्रोजन हायड्राइडच्या बाजूला झुकलेला असतो. जागेची अडचणही त्याच दिशेला ढकलते. बोरॉन आणि त्याच्यावरचे गट मिथाइलशेजारी दाटीवाटीत बसायला नाखूश असतात.

फरक पडतो तो दुसऱ्या पायरीत. पेरॉक्साइड बोरॉनला हटवून त्याच जागी OH बसवतं, त्यामुळे OH कार्बन-२ वर येतो. बोरोहायड्राइड पाऱ्याला हटवून त्या जागी H बसवतं. OH तर आधीच कार्बन-१ वर बसलेला आहे, तो हलत नाही.

ही नोंद एकदा हाताने केली की OH कुठे जाईल ते पाठ करावं लागत नाही. पहिल्यात २-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल, दुसऱ्यात १-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल. दोघांचं रेणुसूत्र C₇H₁₄O एकच, त्यामुळे वस्तुमानावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

‘सिन’ हा शब्द मिथाइलबद्दल नाहीच

आता मुख्य दुखणं. ‘सिन’ म्हणजे पहिल्या पायरीत नव्याने आलेले दोन गट एकाच बाजूने आले. ते दोन गट म्हणजे H आणि B. मिथाइल आधीपासून रेणूत होता, तो कुठूनच आलेला नाही. ‘सिस’ हे नाव मात्र OH आणि मिथाइल यांच्यातलं नातं सांगतं. दोन वेगवेगळ्या जोड्यांची नाती आपण एकच धरतो आणि तिथे घसरतो.

वलय कागदावर सपाट ठेवा, टेबलावर ताट ठेवल्यासारखं. दुहेरी बंध असताना मिथाइल आणि कार्बन-२ वरचा मूळ हायड्रोजन दोघेही ताटाच्या पातळीतच असतात, वर नाहीत आणि खालीही नाहीत. BH₃ वरून येतं. कार्बन-१ वर H वरून बसतो, कार्बन-२ वर B वरून बसतो. दोन्ही बंध एकाच झटक्यात, चार अणूंच्या चौकटीसारख्या अवस्थेतून बनतात, म्हणून दोघांची बाजू एकच. आता दोन्ही कार्बनांवर चार-चार गट झाले. वरची जागा भरली, मग मिथाइलने जायचं कुठे? तो खाली ढकलला जातो. कार्बन-२ वरचा मूळ हायड्रोजनही खाली जातो.

दुसऱ्या पायरीत पेरॉक्साइडचा HOO⁻ बोरॉनला चिकटतो आणि बोरॉनवरचा कार्बन आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो. या सरकण्यात कार्बन आपली बाजू सोडत नाही, त्यामुळे बोरॉन वर होता तर OH ही वरच. शेवटी चित्र असं दिसतं: कार्बन-२ वर OH वर, कार्बन-१ वर नवा H वर आणि मिथाइल खाली. H आणि OH सिस, OH आणि मिथाइल ट्रान्स. म्हणजे सिन ॲडिशन झाल्यामुळेच उत्तर ट्रान्स आलं.

चुकलेल्या वहीत बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: कार्बन-१ वरचा नवा H काढलेलाच नसतो. काढायचा कंटाळा येतो आणि मिथाइल डोळ्यांसमोर असतो, मग सिनचं नातं त्याच्याशी जोडलं जातं. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या चित्रात H आणि B दोघांनाही वेज लावून काढा. H दाखवलेला असेल तर मिथाइलला डॅशशिवाय जागाच उरत नाही.

BH₃ खालूनही तेवढ्याच सहज येऊ शकतं, म्हणून आरशातली प्रतिमाही निम्मी तयार होते. उत्पादन (1R,2R) आणि (1S,2S) यांचं रेसिमिक मिश्रण असतं. एकच वेज-डॅश चित्र काढून ‘ऑप्टिकली ॲक्टिव्ह’ लिहिलं तर तो गुण गेला. (1R,2S) आलं तर समजा की सिस काढून बसलात.

‘म्हणजे हायड्रोबोरेशनचं उत्तर नेहमी ट्रान्स’ असा नवा नियम वहीत लिहिणारेही भेटतात. त्यांना मी १,२-डायमिथाइलसायक्लोहेक्झीन देतो. तिथे दोन्ही मिथाइल एकाच वेळी खाली ढकलले जातात, म्हणजे ते एकमेकांना सिस असतात आणि OH शेजारच्या कार्बनवरच्या मिथाइलला ट्रान्स. एकाच रेणूत सिस आणि ट्रान्स दोन्ही, आता सांगा नियम. जोडी कोणती ते आधी बोला, मग शब्द वापरा.

जाता जाता: ही प्रतिक्रिया सापडलीच ती एका न जुळणाऱ्या हिशोबामुळे. १९५६ च्या सुमारास अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राऊन यांच्यासोबत बी. सी. सुब्बा राव हे भारतीय रसायनशास्त्रज्ञ एस्टरचं रिडक्शन करत होते. एका एस्टरला जेवढं हायड्राइड लागायला हवं, त्यापेक्षा एथिल ओलिएटला जास्त लागत होतं. अशुद्धी असेल म्हणून आकडा सोडून देता आला असता, पण त्यांनी प्रयोग पुन्हा केला. जास्तीचं हायड्राइड ओलिएटमधल्या दुहेरी बंधाने घेतलं होतं. ब्राऊन यांना १९७९ चं नोबेल बोरॉनच्या याच कामासाठी मिळालं.

‘अँटी’ घडतं, पण पुसलं जातं

ऑक्सिमर्क्युरेशनमध्ये पारा दुहेरी बंधावर एका बाजूने बसून तिकोनी पूल बांधतो. पुलाची बाजू अडलेली असल्यामुळे पाणी विरुद्ध बाजूने, जास्त गट असलेल्या कार्बनवर, म्हणजे कार्बन-१ वर येतं. पारा वर असेल तर OH खाली. इथपर्यंत ‘अँटी’ शंभर टक्के खरं आहे, पण पुन्हा तोच प्रश्न: कोणत्या जोडीचं नातं? पारा आणि OH यांचं. आणि पारा तर शेवटच्या रेणूत नसतोच.

NaBH₄ टाकल्यावर C–Hg बंधाचं C–Hg–H होतं, हा बंध अर्धा-अर्धा तुटतो आणि कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो. असा रॅडिकल आपली मूळ बाजू धरून ठेवत नाही. तो जिथून हायड्रोजन मिळेल तिथून घेतो. त्यामुळे पाऱ्याच्या जागी येणारा H वर की खाली हे आधीच्या पायरीवर अवलंबून राहत नाही.

१-मिथाइलसायक्लोहेक्झीनच्या बाबतीत हे कळतही नाही, कारण कार्बन-२ वर आता दोन सारखेच हायड्रोजन आहेत. कार्बन-१ वर OH, मिथाइल आणि वलयाचे दोन हात आहेत, पण ते दोन्ही हात अगदी सारखे. म्हणून १-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल अकायरल आहे. त्याला वेज-डॅश लावणं म्हणजे नसलेल्या गोष्टीला नाव ठेवणं.

परीक्षा घेणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो ड्युटेरियम आणतो. इथे दुसरी ठरलेली गोची होते. मुलं NaBD₄ आणि BD₃ यांची गल्लत करतात आणि D पहिल्या पायरीत घालतात. वरची नोंद पुन्हा काढा. BD₃ मधला D पहिल्याच पायरीत, मिथाइल असलेल्या कार्बन-१ वर येतो. NaBD₄ मधला D दुसऱ्या पायरीत, जिथे पारा होता तिथे, म्हणजे शेजारच्या कार्बन-२ वर येतो. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तर OH आणि D यांनी जागांची अदलाबदल केलेली दिसते.

पण स्टिरिओकेमिस्ट्रीची अदलाबदल होत नाही. BD₃ च्या उत्तरात D आणि OH ठामपणे सिस असतात, मिथाइल त्यांच्या विरुद्ध. NaBD₄ च्या उत्तरात D हा OH ला सिस असलेला आणि ट्रान्स असलेला, असे दोन्ही डायास्टिरिओमर मिळतात. ‘अँटी’ म्हणून फक्त ट्रान्स लिहिलं की चूक. दोन्ही काढा आणि मध्ये अधिक चिन्ह द्या.

एक छोटी तक्रार अजून येते: ‘कार्बोकॅटायन बनला, मग मिथाइल शिफ्ट का नाही दाखवली?’ कारण पाऱ्याच्या पुलामुळे कार्बनवर मोकळा धन भार कधी उभाच राहत नाही. ३,३-डायमिथाइल-१-ब्युटीन घेऊन पाहा. सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी दिलं तर मिथाइल सरकून मुख्यतः २,३-डायमिथाइल-२-ब्युटॅनॉल. पारा दिला तर सांगाडा शाबूत, ३,३-डायमिथाइल-२-ब्युटॅनॉल. बोरॉन दिला तर ३,३-डायमिथाइल-१-ब्युटॅनॉल.

कागदावर बरोबर, फ्लास्कमध्ये गडबड

हायड्रोबोरेशन प्रत्यक्ष करणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे बरंच अल्कीन तसंच परत मिळतं. बहुतेकदा हिशोब असा केलेला असतो: BH₃ मध्ये तीन हायड्रोजन, म्हणजे एका BH₃ ला तीन अल्कीन. १-हेक्झीनसारख्या टोकाच्या अल्कीनला हे चालतं. १-मिथाइलसायक्लोहेक्झीनसारख्या तीन गटांच्या अल्कीनला चालत नाही, कारण दोन वलयं बसल्यावर बोरॉनभोवती तिसऱ्याला सहज जागा होत नाही आणि नेहमीच्या सौम्य परिस्थितीत प्रतिक्रिया डायअल्किलबोरेनवर थांबते.

९.६ ग्रॅम अल्कीन म्हणजे ०.१ मोल धरू. तीनाच्या हिशोबाने १ मोलर BH₃ चं टीएचएफमधलं द्रावण ३३ मिली टाकलं, तर ०.०३३ मोल बोरॉन साधारण ०.०६७ मोल अल्कीन सांभाळेल आणि सुमारे एक तृतीयांश तसंच उरेल. दोनाच्या हिशोबाने किमान ५० मिली हवं, आणि बाटली जुनी असेल तर थोडं जास्त. हवेतला ओलावा BH₃ खातो आणि हायड्रोजन सोडतो, म्हणून महिनोन्‌महिने उघडझाक झालेल्या बाटलीवर छापलेल्या १ मोलरवर विश्वास ठेवू नका. ऑक्सिडेशनला ०.१ मोल C–B बंधांसाठी ३० टक्के पेरॉक्साइड कागदावर सुमारे १० मिली लागतं, पण उरलेले B–H बंधही ते खातात, म्हणून जास्त घ्या. बर्फात ठेवून थेंबाथेंबाने घाला, ही पायरी चांगलीच तापते.

अल्कीन घातल्यावर ‘लवकर संपू दे’ म्हणून फ्लास्क तापवायचा मोह टाळा. सुमारे १५० अंशांपर्यंत तापवलं की बोरॉन वलयावर थांबत नाही. तो सरकत सरकत सगळ्यात कमी गर्दीच्या, म्हणजे मिथाइलच्याच कार्बनवर जाऊन बसतो आणि ऑक्सिडेशननंतर सायक्लोहेक्झिलमेथॅनॉल हाती येतं.

पाऱ्याच्या बाजूला मिश्रण आधी पिवळं होतं आणि पिवळेपणा गेला की पहिली पायरी झाली असं समजतात. NaBH₄ घातल्यावर राखाडी-काळा पारा तळाशी जमतो. तो आणि त्याचे क्षार सिंकमध्ये जाता कामा नयेत, त्यासाठी वेगळी बाटली हवी. माझ्या मते पदवीच्या प्रयोगशाळेत ही प्रतिक्रिया करूच नये, कागदावर पुरे.

हाती आलेलं अल्कोहोल कोणतं, हे ओळखायला बारावीतलं ल्युकास अभिकर्मक पुरतं. १-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल तृतीयक आहे, ते लगेच गढूळ होतं. २-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल द्वितीयक, त्याला काही मिनिटं लागतात. एनएमआर असेल तर प्रश्नच नाही. तृतीयकाचा मिथाइल १.२ च्या आसपास एकटी उभी रेघ देतो, कारण शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन नाही. द्वितीयकाचा मिथाइल दुहेरी दिसतो. आणि सिस-ट्रान्सचा निकाल OH च्या कार्बनवरचा हायड्रोजन देतो: ट्रान्समध्ये तो ३.१ च्या जवळ मोठ्या कपलिंगने पसरलेला दिसतो, सिसमध्ये ३.८ च्या जवळ अरुंद. ३.८ ला मोठा सिग्नल आला तर सुरुवातीचं अल्कीन तपासा. तिथे ३-मिथाइलसायक्लोहेक्झीन मिसळलेलं असलं, तर बोरॉनला कार्बन आणि बाजू निवडायला ठोस कारण उरत नाही आणि खिचडी होते.

नोंद जिथे पुरत नाही

बोरॉनची जागेची निवड प्रत्येक वेळी शंभर टक्के नसते. साध्या BH₃ ने १-हेक्झीनमध्ये ९४ टक्के बोरॉन टोकाला जातो, स्टायरीनमध्ये ८१ टक्केच. तिथे बेंझीन वलय शेजारच्या कार्बनवरही बोरॉनला थारा देतं. ४-मिथाइल-२-पेंटीनमध्ये तर ५७ विरुद्ध ४३. दोन्ही कार्बनांवर एकेक गट असल्यावर बोरॉन चक्रावणारच. त्याच अल्कीनवर ९-बीबीएन हे दाट अंगाचं बोरेन वापरलं तर ९९ टक्क्यांहून जास्त बोरॉन मिथाइलच्या बाजूच्या कार्बनवर, आयसोप्रोपिलपासून दूर बसतो. त्यामुळे प्रश्नात अभिकर्मक कोणता दिलाय ते वाचल्याशिवाय ‘मुख्य उत्पादन’ लिहू नका.

पाऱ्याचं ‘अँटी’ही सगळीकडे टिकत नाही. नॉर्बोर्नीनमध्ये वलयाची खालची, एंडो बाजू इतकी अडचणीची असते की पाणी तिकडून यायला तयारच होत नाही. तिथे पारा आणि OH दोघेही वरून, एक्झो बाजूनेच बसतात, म्हणजे सिस. बोरॉनही नॉर्बोर्नीनवर एक्झो बाजूनेच येतो. म्हणून हा एक रेणू असा आहे की कोणताही अभिकर्मक वापरा, बाटलीत मुख्यतः तेच एक्झो-नॉर्बोर्निऑल मिळतं, आणि ‘दोन पद्धती, दोन वेगळी उत्पादनं’ असं लिहिणारा तिथे फसतो.